मोटर बंद केली की एटमेगा रिसेट होतो : शंभर नॅनो कुठे लावायचा आणि रिसेट पिनचं काय करायचं?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. शेतातल्या मोटरसाठी फोनवरून चालू-बंद करायचा कंट्रोलर बनवला आहे. चिप एटमेगा ३२८पी, जुन्या लांब आकारातली, २८ पायांची. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, सिम८००एल मॉड्यूल, दोन रिलेचं ५ व्होल्टचं मॉड्यूल आणि छोटा एलसीडी. सगळं जनरल पर्पज बोर्डवर तारा सोल्डर करून जोडलंय. सप्लाय मोबाइलच्या चार्जरचा, साधारण दीड मीटर केबलने. प्रोग्राम यूएसबीएएसपीने थेट टाकतो, बूटलोडर नाही.

घरी टेबलावर दिवसभर चालवला, एकदाही अडखळला नाही. स्टार्टरच्या पेटीत बसवला आणि त्रास सुरू झाला. मोटर चालू केली की दोन-तीन सेकंदांनी कधी एलसीडीवर भलतीच अक्षरं येतात, कधी सगळं नव्याने सुरू होतं. मोटर बंद करताना, स्टार्टर पडतो त्या क्षणी, तीनदा केलं तर एकदा तरी नक्की रिसेट. ठिबकची किती मिनिटं उरली तो हिशेब त्यात पुसला जातो. मग रात्री दीड वाजता उठून शेतात जावं लागतं.

चार्जरच्या जॅकजवळ १०४ नंबरचा, म्हणजे १०० नॅनोचा, एक कपॅसिटर आणि १० मायक्रोचा एक आहे. रिसेटला १० केचा पुलअप. रिसेटचं बटण पेटीच्या दारावर आहे, तिथपर्यंत सुमारे फूटभर वायर. कुठे चुकतंय?

बापू_इलेक्ट्रिक

चार्जरची ताकद कमी पडते आहे, हे उघड आहे. १००० मायक्रोचा, १६ व्होल्टचा मोठा कपॅसिटर ५ व्होल्टवर लावा. मी तर २२०० लावतो. मोठा कपॅसिटर असला की लहान १०४ ची गरजच उरत नाही, मोठ्यात लहान आलाच. पंचवीस वर्षं स्टार्टर दुरुस्त करतोय, व्होल्टेज बसणं हेच नव्वद टक्के वेळा कारण असतं.

राघव_के

मलाही हाच त्रास होता. माझा ईएसपी३२ आहे, वायफाय सुरू झालं की `Brownout detector was triggered` असं येऊन परत सुरू व्हायचा. ईएन पिनला १० के आणि १ मायक्रो लावला, तरी फरक पडला नाही. शेवटी केबल बदलली आणि थांबलं. तुम्हीही ईएनला १ मायक्रो लावून बघा.

जुना सोल्डर

राघव, तुमचा त्रास आणि ओढ्याकाठींचा अर्धाच त्रास सारखा आहे, त्याकडे येतो. पण एटमेगाला ईएन पिन नाही, आणि ईएसपीला जे १ मायक्रो सांगतात ते सप्लाय चढून स्थिर होईपर्यंत चिपला थांबवून ठेवायला असतं. चालू असताना सप्लाय बसला तर त्याचा उपयोग होत नाही. तुमचा अनुभव तेच सांगतो.

ओढ्याकाठी, अजून काहीही लावू नका. आधी चिपलाच विचारा की ती का रिसेट झाली. तिच्यात एक रजिस्टर आहे, त्यात शेवटच्या रिसेटचं कारण लिहिलेलं असतं. `setup()` च्या अगदी वरच्या ओळींत हे टाका, बाकीचं त्याच्याखाली.

```
uint8_t r = MCUSR;
MCUSR = 0;
lcd.begin(16, 2);
lcd.print(r);
delay(5000);
```

१ आलं तर पॉवर नव्याने आली. २ आलं तर रिसेटचा पाय खाली ओढला गेला. ४ म्हणजे सप्लाय ठरलेल्या मर्यादेखाली गेला. ८ म्हणजे वॉचडॉग. एकाहून जास्त कारणं असली तर बेरीज दिसते, म्हणून पॉवर देताना ५ दिसलं तर घाबरू नका. आणि ० आलं तर खरा रिसेट झालेलाच नाही, प्रोग्राम भरकटून पहिल्या पत्त्यावर जाऊन पडला.

पण त्याआधी एक गोष्ट. चिप दुकानातून कोरी आणलेली असेल तर सप्लाय बसल्याचं ओळखणारं सर्किट बंद असतं. मग ४ कधीच दिसणार नाही. सप्लाय ३ व्होल्टवर आला तरी चिप १६ मेगाहर्ट्झवर धावत राहते आणि काहीही करते. तुम्हाला भलती अक्षरं दिसतात त्याचा मला तिथेच संशय आहे. फ्यूज बदला:

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFC:m
```

याने मर्यादा ४.३ व्होल्टला बसते. १६ मेगाहर्ट्झला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात, म्हणून २.७ ची मर्यादा तुमच्या कामाची नाही. मोजताना प्रोग्रामरची केबल काढून ठेवा, ती रिसेटच्या पायाला लावलेली अँटेनाच असते. आणि पेटीत ४१५ व्होल्ट आहेत. हात घालायच्या आधी वरचा स्विच पाडा.

बापू_इलेक्ट्रिक

एवढं कशाला? १००० मायक्रो वीस रुपयांत येतो, लावून बघायला काय जातं?

जुना सोल्डर

बापू, लावून जर अर्धा त्रास कमी झाला तर उरलेला अर्धा कशाचा, ते मग कळत नाही. म्हणून आधी आकडा.

अश्विनी_पी

मध्येच विचारते. मी त्याच चिपचा बोर्ड केला आहे, पण बूटलोडर टाकून आणि सीरियलने प्रोग्राम चढवते. कुठेतरी वाचून रिसेट आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनो लावला, त्या दिवसापासून प्रोग्राम चढेना. `stk500_getsync() attempt 1 of 10: not in sync` एवढंच येतं. बटण दाबून अगदी वेळेत सोडलं तरच चढतो. कपॅसिटर काढला की पुन्हा ठीक. मग रिसेटला कपॅसिटर लावायचा की नाही?

जुना सोल्डर

अश्विनी, लावायचा, पण किती ते तुमच्या दुसऱ्या कपॅसिटरवर ठरतं. सीरियल बोर्डाच्या डीटीआर पिनकडून रिसेटकडे येताना मालिकेत एक १०० नॅनो असतो ना? डीटीआर ५ वरून शून्यावर आला की तो धक्का या कपॅसिटरमधून रिसेटला पोचतो. आता खाली ग्राउंडकडे दुसरा १०० नॅनो बसला की दोघांत धक्का अर्धा-अर्धा वाटला जातो. रिसेट ५ वरून फार तर २.५ व्होल्टपर्यंत येतो. चिपने रिसेट नक्की मानावा यासाठी सप्लायच्या वीस टक्क्यांखाली, म्हणजे १ व्होल्टच्या खाली जायला हवं. म्हणून कधी होतो, कधी नाही.

ग्राउंडकडचा १० नॅनो करा. मग धक्क्याचा अकरापैकी दहा भाग वाटा रिसेटला मिळतो, तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास उतरतो आणि चिपला शंका राहत नाही. १ नॅनोही चालतो, पण गोंगाटाच्या जागी मी १० घेतो. एकच अपवाद. त्याच पायावरून डीबगवायरने डीबग करणार असाल तर तिथे कपॅसिटर अजिबात नको, आणि पुलअप १० केपेक्षा लहान नको.

अश्विनी_पी

१० नॅनो लावला. सलग आठ वेळा बटण न दाबता चढला. खूप आभार, काका.

ओढ्याकाठी

दोन दिवस लाइट रात्रीची होती म्हणून उशीर झाला. चिप कोरीच होती, फ्यूज `0xFF` होता. तो बदलला आणि आकडे घेतले. मोटर चालू-बंद २० वेळा केली.

बंद करताना ७ वेळा रिसेट, सातही वेळा एलसीडीवर २.
चालू करताना ५ वेळा रिसेट, पाचही वेळा ४. भलती अक्षरं आता एकदाही आली नाहीत, सरळ रिसेटच होतो.

म्हणजे हे दोन वेगवेगळे त्रास आहेत का?

जुना सोल्डर

हो, दोन आहेत. आता चालू करतानाचा घेऊ. स्टार्टर ओढतो तेव्हा लगेच होतं का, की तुम्ही म्हणालात तसं दोन-तीन सेकंदांनी? मोटर चालू झाल्यावर प्रोग्राम पुढे काय करतो?

ओढ्याकाठी

दोन-तीन सेकंदांनीच. मोटर चालू झाली की "मोटर सुरू" असा मेसेज माझ्या मोबाइलवर पाठवतो.

जुना सोल्डर

मग मोटरचा त्यात काही दोष नाही. मेसेज पाठवायची ओळ बंद करून पुन्हा २० वेळा चालू करा.

ओढ्याकाठी

बंद केली. २० पैकी एकदाही ४ आला नाही! आणि आता आठवतंय, टेबलावर तपासताना मेसेजची ओळ मी बंदच ठेवली होती, बॅलन्स वाचवायला.

जुना सोल्डर

बरोबर. सिम८००एल बोलताना साधारण ५७७ मायक्रोसेकंदांचे झटके घेतो आणि टॉवर लांब असेल तर एका झटक्यात २ अँपिअरपर्यंत ओढतो. शेतात रेंज कमी, म्हणून झटका मोठा. तुमच्या दीड मीटर केबलची जाता-येता मिळून अर्धा ओहम धरली तरी २ अँपिअरला १ व्होल्ट केबलमध्येच संपतो. ५ चे झाले ४. मर्यादा ४.३. म्हणून ४.

बापूंनी व्होल्टेज बसतंय म्हटलं ते या अर्ध्यापुरतं खरं आहे. पण १००० मायक्रोने काय होतं ते बघा. २ अँपिअर ५७७ मायक्रोसेकंद एकट्या १००० मायक्रोमधून काढले तर त्याचं व्होल्टेज १.१५ ने उतरतं. केबल थोडा भार उचलेल म्हणून तेवढं उतरणार नाही, पण त्याच्या भरवशावर बसता येत नाही. खरा उपाय म्हणजे मॉड्यूल आणि चिप यांचे रस्ते वेगळे करणं. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. त्यातून एलएम२५९६ चा तयार बोर्ड ४ व्होल्टवर सेट करून फक्त सिमच्या मॉड्यूलला द्या आणि १००० मायक्रो त्या मॉड्यूलच्या पायांशीच लावा. चिप आणि रिलेला ७८०५ मधून ५ द्या, त्याला हीटसिंक लावा. ग्राउंडच्या दोन्ही तारा अडॅप्टरच्या जॅकपाशी एकत्र आणा. मॉड्यूलचा करंट चिपच्या ग्राउंडमधून परत येता कामा नये.

बापू_इलेक्ट्रिक

मान्य. पण माझा प्रश्न राहिलाच. मोठ्यात लहान येत नाही का? १००० मायक्रो असताना १०० नॅनो काय वेगळं देणार?

जुना सोल्डर

बापू, चांगला प्रश्न आहे, नीट सांगतो. चिपला दोन प्रकारची भूक असते. एक मिलिसेकंदांची, ती मोठा कपॅसिटर आणि सप्लाय भागवतात. दुसरी नॅनोसेकंदांची. क्रिस्टलच्या प्रत्येक ठोक्याला आतले ट्रान्झिस्टर बदलतात, बाहेरचे पाय वर-खाली होतात, तेव्हा करंट काही नॅनोसेकंदांत उसळतो. तिथे कपॅसिटर केवढा आहे यापेक्षा तो किती लांब आहे हे महत्त्वाचं ठरतं, कारण तारेचा प्रत्येक मिलीमीटर साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स घालतो.

ओढ्याकाठींचा १०४ जॅकपाशी आहे. चिपपर्यंत जाऊन-येऊन ४० मिलीमीटर धरू, म्हणजे ४० नॅनोहेन्री. एक पाय ५ नॅनोसेकंदांत २० मिलिअँपिअरने बदलला तर

```
V = L × di/dt = 40 nH × 20 mA / 5 ns = 0.16 V
```

एका पायाला ०.१६. एलसीडीसारखं काही लिहिताना आठ पाय एकदम बदलले तर तोच आकडा १.२८ व्होल्ट. तोच १०४ चिपच्या पायांना चिकटवला आणि फेरी ५ मिलीमीटरची झाली तर आठ पायांना मिळून ०.१६. हे गणित ढोबळ आहे, पण लांबी आठ पटींनी कमी केली की त्रास आठ पटींनी कमी होतो, एवढं त्यात खरं आहे. १००० मायक्रोचे पायच लांब असतात, शिवाय त्याच्या आत अडथळा असतो, त्यामुळे नॅनोसेकंदांत तो कामालाच येत नाही.

उलट बाजूने १०० नॅनोची ताकदही बघा. चिप २० मिलिअँपिअर घेत असेल तर तो अडीच मायक्रोसेकंदांत अर्धा व्होल्ट उतरतो. त्याच्याकडून सिमचा झटका झेलायची अपेक्षाच चूक. दोघांची कामं वेगळी, म्हणून दोघंही हवेत.

चिंतामणी

जागा नेमकी सांगतो. २८ पायांच्या चिपमध्ये ७ आणि ८ शेजारी आहेत, सप्लाय आणि ग्राउंड. तिथे एक १०४, पाय कापून अगदी सॉकेटच्या खाली. दुसऱ्या बाजूला २० हा अॅनालॉगचा सप्लाय आणि २२ ग्राउंड, तिथे दुसरा १०४. अॅनालॉग वापरत नाही म्हणून २० मोकळा ठेवतात, तो ५ व्होल्टला जोडलाच पाहिजे, कारण पोर्ट सीचे काही पाय त्याच्यावर चालतात. २१ वर बाहेरून काही जोडायचं नसेल तर तिथून २२ ला तिसरा १०४. शक्य असेल तर १०४ बरोबर १० आणि १ नॅनोही समांतर लावा, प्रत्येक जण आपापल्या फ्रिक्वेन्सीला काम करतो.

जुना सोल्डर

चिंतामणी, जागांबद्दल पूर्ण सहमत. शेवटच्या वाक्याशी नाही. एकाच आकाराच्या तिन्ही कपॅसिटरांचं इंडक्टन्स जवळपास सारखंच असतं, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीला लहान मूल्याचा विशेष फायदा देत नाही. वर दोन मूल्यांच्या मधल्या फ्रिक्वेन्सीला दोघं मिळून उलट जास्त अडथळा करू शकतात. १६ मेगाहर्ट्झच्या या चिपला मी एकाच मूल्याचे, प्रत्येक सप्लाय पायाला एक, असेच लावतो.

चिंतामणी

तुमचा अनुभव असेल. मी रेडिओच्या बोर्डांवर तीन मूल्यं लावून मोजलं आहे आणि मला फरक दिसला आहे. दोनशे मेगाहर्ट्झच्या वर होतं ते, हे खरं. या चिपला लागू होतं की नाही यावर मी हट्ट धरत नाही.

ओढ्याकाठी

आता बंद करतानाचा २ कसा घालवायचा?

जुना सोल्डर

स्टार्टर पडतो तेव्हा त्याच्या कॉइलमधला करंट अचानक तुटतो, रिलेच्या संपर्कांत ठिणगी पडते आणि त्याचा गोंगाट आजूबाजूच्या प्रत्येक तारेत शिरतो. तुमची रिसेटची फूटभर वायर दारापर्यंत त्याच तारांच्या शेजारून जाते. तिला वर धरणारा फक्त १० केचा पुलअप. रिसेट मानायला चिपला जास्तीत जास्त अडीच मायक्रोसेकंदांचा खालचा स्पंद पुरतो, ठिणगीचा गोंगाट तेवढा सहज टिकतो.

दारावरचं बटण खरंच लागतं का? नसेल तर काढून टाका, तोच सगळ्यात चांगला उपाय. लागत असेल तर दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या आणि बोर्डाच्या टोकाला मालिकेत ३३० ओहम घाला. १ नंबरच्या पायापाशी पुलअप ४.७ केचा करा, तो ७ नंबरला. त्याच पायापासून १० नॅनो थेट ८ नंबरच्या ग्राउंडला. रिलेच्या ग्राउंडला अजिबात नाही. रिलेच्या ग्राउंडवर उसळी आली तर कपॅसिटर तीच उसळी रिसेटच्या पायावर नेऊन घालेल. तुमच्या बोर्डवर तारा सोल्डर केलेल्या असल्यामुळे ही चूक सहज होते.

आणखी एक. या चिपच्या बाकीच्या पायांना आतून सप्लायकडे संरक्षणाचा डायोड असतो, रिसेटला नसतो, कारण प्रोग्रामिंगच्या एका पद्धतीत तिथे १२ व्होल्ट द्यावे लागतात. ती पद्धत तुम्ही वापरत नाही. म्हणून १एन४१४८ लावा, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे.

बापू_इलेक्ट्रिक

इथे मी सांगू शकतो. गोंगाट जन्मतो तिथेच मारा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर ए१ आणि ए२ मध्ये लावायचा तयार सर्ज सप्रेसर मिळतो. तुमची कॉइल ४१५ ची असेल, दोन फेजमधली. काही जण पंख्याचा कपॅसिटर नाहीतर २७५ व्होल्टचा एक्स२ लावतात, तो ४१५ वर लावायचा नाही, फुटतो. कॉइलवरचं व्होल्टेज वाचून तेवढ्याचाच सप्रेसर घ्या.

जुना सोल्डर

बापू, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मी यात हात घातला नसता.

ओढ्याकाठी

आठ दिवसांनी लिहितोय. बुधवार पेठेतून एलएम२५९६ चा बोर्ड, १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि १०४ चं पाकीट आणलं. एकेक गोष्ट करून प्रत्येक वेळी ४० वेळा चालू-बंद केली.

आधी फक्त तीन १०४ चिपच्या पायांना लावले, बाकी जुनंच. चालू करतानाचा ४ होता तसाच, बंद करतानाचा २ थोडा कमी झाल्यासारखा वाटला, पण ४० मध्ये ११ वेळा होताच. मग सिमचा सप्लाय वेगळा केला, मेसेजची ओळ परत घातली. ४ एकदाही नाही. मग बटण काढलं, ४.७ के, १० नॅनो आणि डायोड लावला. २ एकदाही नाही.

पण ४० पैकी एकदा, मोटर बंद करताना, ० आला. सप्रेसर अजून लावलेला नाही, दुकानात ४१५ चा नव्हता, मागवला आहे.

जुना सोल्डर

० म्हणजे गोंगाट रिसेटच्या रस्त्याने न येता प्रोग्रामलाच लागला. क्रिस्टलच्या तारा किती लांब आहेत? आणि रिलेच्या इनपुट तारा चिपपर्यंत कुठून जातात? एक फोटो टाका. सप्रेसर येईपर्यंत वॉचडॉग चालू ठेवा, फक्त `MCUSR = 0;` च्या लगेच खाली `wdt_disable();` घाला, नाहीतर वॉचडॉगने रिसेट केल्यावर `delay(5000)` संपायच्या आतच चिप पुन्हा पुन्हा रिसेट होत राहील. आणि ठिबकची उरलेली मिनिटं ईईप्रॉममध्ये दर मिनिटाला लिहू नका, मोटर चालू करताना एकदाच लिहा. ईईप्रॉमच्या एका जागी साधारण एक लाख वेळाच लिहिता येतं.

ओढ्याकाठी

क्रिस्टलच्या तारा दोन इंचांच्या असतील, सॉकेटच्या पलीकडे लावला होता. रिलेच्या तारा त्याच्याच वरून गेल्यात. उद्या सकाळी लाइट गेली की पेटी उघडून फोटो टाकतो.

चिंतामणी

मिळाला गुन्हेगार, असं आत्ताच म्हणू नका. क्रिस्टल आणि त्याचे २२ पिकोचे दोन कपॅसिटर ९ आणि १० च्या पायाला चिकटवा, ग्राउंड ८ नंबरला, आणि पुन्हा चाळीसच नाही, दोनशे वेळा मोजा. चाळिसात एक येणारी गोष्ट चाळिसात तपासता येत नाही.